प्रश्नावली शेवटी: एका स्टोअरकीपरच्या जेडीची गोष्ट

प्रश्न: "नाशिकच्या अंबडला आमची शीट मेटलची कंपनी आहे, 140 माणसं. सगळ्या पदांच्या जेडी, म्हणजे कामाची वर्णनं, नव्याने लिहायला सांगितल्यात. मी सगळ्यांना प्रश्नावली वाटली, तर प्रत्येकाने 'सगळंच करतो' असं लिहून दिलं. सुपरवायझरांनी जुनी जेडीच उतरवून दिली. निरीक्षण, मुलाखत, प्रश्नावली यांतलं काय, कुठे आणि कसं वापरायचं?"

उत्तर:

भरून आलेल्या प्रश्नावल्या सध्या बाजूला ठेवा. तुमच्या माणसांनी खोटं लिहिलेलं नाही, पण प्रश्नावली फार लवकर हातात पडली. "तुमच्या प्रमुख जबाबदाऱ्या लिहा" असा कोरा रकाना समोर आला की माणूस आधी हा कागद कशासाठी मागितलाय याचा अंदाज घेतो. पगारवाढीसाठी असेल तर सगळं लिहावं, माणसं कमी करण्यासाठी असेल तर आणखीच लिहावं. म्हणून तुम्हाला "सगळंच करतो" मिळालं. माझा क्रम असा असतो: आधी कागद, मग निरीक्षण, मग मुलाखत, आणि त्यातून हाती आलेल्या कामांची प्रश्नावली सर्वांत शेवटी, तीही त्या पदावर पुरेशी माणसं असतील तरच.

एका पदाचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो, म्हणजे प्रत्येक पद्धत काय देते आणि कुठे अडते हे दिसेल. काही वर्षांपूर्वी नाशिकमधल्याच एका प्रेस शॉपने मला स्टोअरकीपरच्या जेडीसाठी बोलावलं. माणसं नव्वदच्या आसपास. जुने स्टोअरकीपर सहा महिन्यांनी निवृत्त होणार होते; कंपनीत सगळे त्यांना काकाच म्हणत. त्यांच्या जागेसाठी दीड वर्षात तीन मुलं घेतली होती आणि तिघंही टिकली नव्हती. जाहिरातीत "बी.कॉम., कॉम्प्युटरचं ज्ञान, इंग्रजी संभाषण" असं होतं, आणि जेडीत "मालाची आवक-जावक सांभाळणे, रेकॉर्ड ठेवणे, वरिष्ठांनी सांगितलेली इतर कामे करणे" एवढंच.

पहिली सकाळ मी फक्त कागद चाळले. कोणकोणत्या कागदावर काकांची सही असते? माल आल्याची जीआरएन, इश्यू स्लिप, गेटपास, बाहेरून करून घ्यायच्या कामाची म्हणजे जॉबवर्कची चलनं, रिजेक्शन नोट, स्क्रॅपच्या वजनाच्या पावत्या असे अकरा प्रकार निघाले. जेडीत त्यातल्या चारांचा उल्लेख होता. हे काम दोन तासांत होतं आणि पुढे कुठे पाहायचं हे त्यावरून कळतं, म्हणून ते टाळू नका. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण 2015 मधलं स्टोअरकीपरचं वर्णनही याच वेळी वाचून घ्यावं. ते उतरवायचं नाही, आपल्याकडे एखादं काम नजरेतून सुटतंय का एवढ्यापुरतं पाहायचं.

दुसऱ्या दिवसापासून निरीक्षण. स्टोअरमध्ये स्टूल टाकून बसलो. पहिल्या दिवसाच्या नोंदी मी नेहमी फेकून देतो, कारण कोणी पाहतंय म्हटल्यावर माणूस रॅक पुसतो, प्रत्येक स्लिप वाचतो, चहाला जात नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो तुम्हाला विसरतो. तिथून पुढचं खरं.

याच दुसऱ्या दिवशी एक गोष्ट दिसली, आणि अख्ख्या कामात तीच सर्वांत मोलाची ठरली. झिंक प्लेटिंगला गेलेले छोटे ब्रॅकेट टेम्पोतून परत आले. एवढे नग कोणी हाताने मोजत नाही. शंभर नगांचं वजन घ्यायचं आणि एकूण वजनाला त्याने भागायचं. जाताना याच पद्धतीने दहा हजार नगांचं चलन केलेलं. आता परत आलेल्या मालाचं वजन जाताना होतं तेवढंच भरलं. मला वाटलं, काका सही करतील. त्यांनी पोत्यातून पुन्हा शंभर नग मोजून काट्यावर ठेवले, पाटीवर काहीतरी भागाकार केला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "दीडशेच्या आसपास कमी आहेत. चलनावर लिही."

मी लगेच विचारलं, हे कशावरून? ते म्हणाले, "अहो, पॉलिश चढल्यावर नग जड होतो ना. जुन्या वजनाने भागलं तर पूर्ण दिसणार." घरी येऊन हिशेब केला. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंना आठ-आठ मायक्रॉन झिंक चढलं तर वजन दीड टक्क्याच्या आसपास वाढतं, म्हणजे दहा हजारात दीडशे नगांएवढं. दर खेपेला एवढा फरक कागदावर दिसतच नाही, आणि वर्षअखेरीला मोजणी झाली की स्टोअरकीपरवर शॉर्टेज निघतं. आधीची तीन मुलं का टिकली नाहीत याचं निम्मं उत्तर मला त्या काट्यापाशी मिळालं. ती जाताना घेतलेल्या वजनानेच भागत होती, कारण त्यांना कोणी वेगळं सांगितलंच नव्हतं. काकांनाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. हात सवयीने जे करतो ते माणूस मुलाखतीत सांगत नाही आणि प्रश्नावलीत लिहीत नाही. ते पाहावंच लागतं, आणि पाहिल्या पाहिल्या "हे आत्ता का केलंत?" असं विचारावं लागतं. संध्याकाळी विचारलं तर "नेहमीचंच आहे" एवढंच उत्तर येतं.

सलग निरीक्षणाने काम कसं होतं ते कळतं, पण कोणत्या कामात किती वेळ जातो ते दोन दिवसांवरून सांगता येत नाही. त्यासाठी मी नमुना नोंदी घेतो. आठ तासांच्या पाळीचे दहा-दहा मिनिटांचे 48 तुकडे होतात. तेवढ्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, रोज सकाळी दहा काढायच्या, त्या त्या वेळी स्टोअरमध्ये डोकवायचं आणि त्या क्षणी माणूस काय करतोय एवढंच लिहायचं. चिठ्ठ्यांचा खटाटोप अशासाठी की ठरलेल्या वेळी गेलात तर रोज एकतर चहा दिसेल नाहीतर अकराचा टेम्पो. बारा दिवसांत 120 नोंदी झाल्या. माल देण्याच्या 31, आवक आणि जीआरएनच्या 26, जॉबवर्कच्या (चलनं, मोजणी आणि प्लेटिंगवाल्यांना फोन मिळून) 28, माल शोधण्याच्या 17, प्रत्यक्ष साठा मोजण्याच्या 6, बाकी 12.

जॉबवर्क 120 पैकी 28, म्हणजे 23 टक्के. एवढ्या नोंदींवर हा आकडा सात-आठ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. खरा वेळ 16 ते 31 टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी आहे असं धरायचं. याहून बारीक आकडा हवा असेल तर नोंदी चौपट कराव्या लागतात, आणि जेडीसाठी त्याची गरज नसते. मला एवढंच पाहायचं होतं की प्लान्ट हेड म्हणत होते तसं जॉबवर्क "पाचेक टक्के" आहे का. नव्हतं. जुन्या जेडीत तर जॉबवर्क हा शब्दच नव्हता.

निरीक्षणाच्या वेळेबद्दल नाशिकपुरती एक सूचना. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत करू नका. निफाड-दिंडोरीकडचे हेल्पर द्राक्षाच्या कामाला घरी जातात, आणि मग स्टोअरकीपर स्वतः गाडी खाली करताना दिसतो. त्या नोंदींवरून जेडी लिहिलीत तर हेल्परचं काम त्यात कायमचं शिरेल. नाइलाजाने त्याच दिवसांत करावं लागलं, तर एरवी हे कोण करतं हे प्रत्येक नोंदीसमोर लिहा. आणि दुसऱ्या पाळीला एकदा तरी जा.

आता मुलाखत. निरीक्षणात महिनाअखेर, मार्चची साठा मोजणी, ऑडिट अशी क्वचित होणारी कामं दिसत नाहीत आणि डोक्यातले निर्णयही दिसत नाहीत. ते मुलाखतीतून काढायचे. सुरुवातीला दोन वाक्यांत स्पष्ट सांगा की हे कशासाठी आहे आणि याचा पगाराशी किंवा माणसं कमी करण्याशी संबंध नाही. अर्थात ते खरं असेल तरच सांगा; एकदा खोटं निघालं की पुढच्या पदाला कोणी तोंड उघडत नाही.

"तुमच्या जबाबदाऱ्या काय?" हा प्रश्न विचारूच नका. मी विचारलं, "काका, काल गेटमधून आत आल्यापासून सांगा." ते म्हणाले, "काल? आल्या आल्या आधी रात्री काय काय गेलं ते बघितलं." रात्री स्टोअरकीपर नसतो, किल्ली सुपरवायझरकडे असते. लागेल तो माल ते काढतात, स्लिप लिहायची राहते. सकाळी काका रॅकवरून नजर फिरवून, मशीनपाशी जाऊन विचारून, रात्रीच्या स्लिपा मागून तयार करतात. सकाळी पहिल्या वीस मिनिटांत मी त्यांना प्लान्टमध्ये फिरताना दोनदा पाहिलं होतं आणि वहीत "गप्पा" असं लिहिलं होतं. मुलाखत झाली नसती तर ती चूक तशीच जेडीपर्यंत गेली असती.

दुसरा प्रश्न घटनांचा: "गेल्या दोन वर्षांत स्टोअरमुळे लाइन थांबली असं कधी झालं? आणि थांबता थांबता वाचली असं कधी?" ही पद्धत जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये लिहून मांडली. तिची मुळं दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन वैमानिकांच्या अभ्यासात आहेत, पण शॉप फ्लोअरवर ती अगदी सहज चालते, कारण घडलेली गोष्ट प्रत्येकाला सांगता येते. नेमकं काय घडलं, कोणी काय केलं, त्याने काय झालं, एवढंच विचारायचं. मत विचारायचं नाही. असेंब्लीच्या सुपरवायझरने रिवेटची गोष्ट सांगितली. बिन कार्डावर दहा मिलिमीटरचे रिवेट पाच हजार होते, पण बिनमध्ये आठचे निघाले आणि लाइन चार तास उभी राहिली. त्यानंतर काका नवीन माल आला की त्यातला एक नग तारेने बिनच्या तोंडाला बांधतात. ते लटकणारे नग मी बारा दिवस पाहत होतो, पण ते कशासाठी आहेत हे तेव्हा कळलं.

काका आणि त्यांचे वरिष्ठ यांना वेगवेगळं भेटा, एका खोलीत कधीच नको. आणि त्यांच्या कामाचं फळ ज्यांच्या हातात पडतं त्यांनाही विचारा: खरेदी, अकाउंट्स, असेंब्ली. अकाउंट्सच्या मॅडमनी मला सांगितलं की जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही, तर जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं आणि कर व्याजासकट भरावा लागतो. म्हणून जुनी उघडी चलनं कोणी तरी दर महिन्याला पाहावी लागतात. हे कोण पाहतं? मॅडम म्हणाल्या, स्टोअर. प्लान्ट हेड म्हणाले, अकाउंट्स. काका म्हणाले, "मी बघतो, पण माझं काम नाही ते." तिघांची उत्तरं अशी फुटली की समजायचं, जेडीत सर्वांत जास्त गरज असलेली ओळ इथे आहे. अशा ठिकाणी आपण मधला मार्ग लिहायचा नाही. तिघांना एकत्र बसवून प्लान्ट हेडकडून निर्णय घ्यायचा. तो निर्णय स्टोअरच्या बाजूने लागला आणि त्यासाठी महिन्याला अर्धा दिवस राखून ठेवला गेला.

माणूस आणि पद यांची सरमिसळ मुलाखतीतच सोडवावी लागते. काका मालकांच्या घरचं लाइट बिल भरायचे, फोर्कलिफ्ट चालवायचे, नवीन पोरांचे वाद मिटवायचे. मी प्रत्येक कामापुढे विचारलं, "तुम्ही पंधरा दिवस गावाला गेलात तेव्हा हे कोणी केलं?" चलनांची मोजणी कोणीच केली नव्हती आणि त्या पंधरवड्यातच शॉर्टेज निघालं होतं, ते पदाचं काम. फोर्कलिफ्ट दुसऱ्याने चालवली, काही अडलं नाही; ते काकांचं. हे न विचारता जेडी लिहिली की ती निवृत्त होणाऱ्या माणसाचं चित्र होते, आणि मग तसा माणूस बाजारात मिळत नाही म्हणून सगळे हळहळतात.

आता तुमची प्रश्नावली. त्या स्टोअरमध्ये तीन माणसं होती, म्हणून तिथे मी ती केलीच नाही. तिघांशी बोलणं जास्त सोपं. पण तुमच्याकडे प्रेस ऑपरेटर तीस-चाळीस असतील, दोन पाळ्यांत, वेगवेगळ्या टनेजच्या मशीनवर. तिथे सगळ्यांना पाहणं शक्य नाही आणि प्रश्नावलीच लागते. चार-पाच ऑपरेटर पाहून, त्यांच्याशी बोलून, तीस-पस्तीस कामांची यादी करा आणि तीच छापा. समोर दोनच रकाने ठेवा: किती वेळा करता, आणि चुकलं तर काय होतं. "नेहमी, कधीकधी, क्वचित" असे पर्याय देऊ नका, कारण एकाचं कधीकधी म्हणजे दुसऱ्याचं नेहमी असतं. "पाळीत अनेकदा, पाळीत एकदा, आठवड्यात, महिन्यात, करत नाही" असं द्या. चुकीच्या परिणामालाही शब्द ठोस हवेत: काही अडत नाही, नग रिजेक्ट होतो, डाय खराब होते, माणसाला इजा होते.

यादीत एक-दोन अशी कामं घाला जी तुमच्या प्लान्टमध्ये होतच नाहीत. तुमच्याकडे रोबो वेल्डिंग नसेल तर "रोबोचा प्रोग्राम बदलणे" घाला. त्यावर "पाळीत एकदा" अशी खूण आली तर तो कागद न वाचता भरलाय, तो मोजणीतून काढा. त्या माणसाला त्याबद्दल बोलू मात्र नका. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांच्याकडून वाचून भरून घ्या. पर्ड्यू विद्यापीठातल्या मॅककॉर्मिक आणि सहकाऱ्यांची 1972 सालची तयार प्रश्नावली अभ्यासक्रमात वाचली असेल. तिची भाषा कॉलेजच्या वरची आहे आणि प्रश्न दीडशेहून जास्त. शॉप फ्लोअरवर ती वाटण्याच्या फंदात पडू नका. उत्तरं आली की सरासरी काढण्याआधी पाळीनुसार आणि मशीननुसार वेगळी करून पाहा. "डाय बदलताना सेटरला मदत करणे" याला पहिल्या पाळीत "करत नाही" आणि दुसऱ्या पाळीत "पाळीत एकदा" अशी उत्तरं आली, तर सरासरी कोणाचंच काम सांगत नाही. तिथे बहुधा दुसऱ्या पाळीला सेटर नाही आणि ऑपरेटर त्याचं काम करतोय. मग तुमच्यापुढे जेडीच्या आधी सुरक्षेचा प्रश्न आहे.

लिहिताना प्रत्येक ओळीत चार गोष्टी आल्या पाहिजेत: काय करायचं, कशावर, कशाच्या आधारे, आणि कशासाठी. "जॉबवर्कचा हिशेब ठेवणे" याने काही कळत नाही. आम्ही शेवटी लिहिलेली ओळ अशी होती: "प्लेटिंगहून आलेल्या मालातले शंभर नग पुन्हा वजन करून त्या वजनाने एकूण नग काढणे, मूळ चलनाशी जुळवणे आणि कमी असलेले नग टेम्पो जाण्याआधी चलनावर लिहून घेणे, म्हणजे शॉर्टेज प्लेटिंगवाल्याच्या नावे राहते." ओळ लांब आहे, पण नवीन मुलगा ती वाचून पहिल्या दिवशी काट्यापाशी उभा राहू शकतो. अशा चौदा ओळी झाल्या, आणि "इतर कामे" ही ओळ काढून टाकली.

पात्रता या ओळींवरूनच ठरवायची. चौदांपैकी एकाही कामाला इंग्रजी संभाषण लागत नव्हतं, ते गेलं. बी.कॉम.ही गेलं. त्याऐवजी भागाकार आणि टक्केवारी हाताने येणं, चलन बिनचूक वाचणं आणि ड्रायव्हरसमोर "कमी आहे" असं ठामपणे सांगता येणं आलं. निवडीच्या वेळी उमेदवाराला वजनकाटा, एक पोतं आणि जुनं चलन दिलं आणि नग किती ते काढायला सांगितलं.

मसुदा झाला की तो मेलवर पाठवू नका. पाठवलेला मसुदा कोणी वाचत नाही, "ओके" म्हणतात. समोर बसून मोठ्याने वाचा, आधी काम करणाऱ्याला, मग त्याच्या वरिष्ठाला. आमच्याकडे एकच ओळ अडली. सहीची स्लिप नसेल तर माल द्यायचा का? काका म्हणाले, "लाइन थांबत असेल तर देतो." वरिष्ठ म्हणाले, सहीशिवाय अजिबात नाही. ठरलं ते असं: हातमोजे, ड्रिल, तेल यांसारखा किरकोळ माल स्टोअरकीपर स्वतःच्या अधिकारात देईल आणि पाळी संपायच्या आत सही घेईल, उत्पादनात जाणारा माल सहीशिवाय नाही. अधिकाराची अशी ओळ नसेल तर नवीन माणूस पहिल्याच महिन्यात दोघांच्या कचाट्यात सापडतो.

खरेदी अधिकारी किंवा डिझाइन इंजिनीअर यांना स्टूल टाकून पाहण्यात वेळ घालवू नका. फोनवर बोलणारा किंवा स्क्रीनकडे पाहणारा माणूस दिसेल, बस. त्यांना दोन आठवडे दर दोन तासांनी एक ओळ लिहायला सांगा आणि त्या ओळींवरून मुलाखत घ्या.

एका पदाला कागदापासून वाचनापर्यंत तीन आठवडे लागतात, पण नमुना नोंदींमुळे दोन-तीन पदं एकाच वेळी चालवता येतात. सगळी पदं एकदम हातात घेऊ नका. जिथून माणसं सारखी जातात आणि जिथला जुना माणूस वर्षभरात निवृत्त होतोय, ती पदं आधी. त्या प्रेस शॉपमध्ये जेडीची एक प्रत स्टोअरच्या दाराला आतून चिकटवली होती आणि शेजारी पेन टांगलं होतं. कागदावर नसलेलं काम अंगावर आलं की नवीन मुलाने ते खाली लिहायचं. दोन महिन्यांत तिथे तीन ओळी जमल्या. त्यातल्या दोन आम्ही जेडीत घेतल्या, आणि तिसरी, मालकांच्या लाइट बिलाची, खोडली.